सरकीच्या स्क्रूचं झाकण आणि परफॉर्मन्स लेव्हल: पहिला हिशेब कसा करायचा

हिंगणघाट, वणी, अकोट, कुठल्याही पट्ट्यातल्या जिनिंगमध्ये शिरा, जिनांच्या खाली सरकी वाहून नेणारा लांब स्क्रू कन्व्हेयर असतोच. सरकी ओली आली, सुतळी किंवा पोत्याचा तुकडा गुंडाळला की तो तुंबतो. मग कामगार झाकण उघडतो आणि हाताने मोकळा करतो. हात जातो तो इथेच. म्हणून झाकणाला स्विच लावतात, की झाकण उघडलं की मोटर बंद. वायरमन म्हणतो, "भाऊ, झाकण उघडलं की मोटर थांबते ना, मंग अजून काय पाहिजे?" थांबते हे खरं. पण स्विच अडकला किंवा कॉन्टॅक्टर चिकटला त्या दिवशीही ती थांबेल का, हा प्रश्न राहतोच, आणि परफॉर्मन्स लेव्हलचा हिशेब त्याचंच उत्तर देतो. हिशेबाचं मानक आयएसओ १३८४९-१. खाली एकाच झाकणाचा हिशेब सुरुवातीपासून शेवटपर्यंत केला आहे.

आधी सेफ्टी फंक्शन एका वाक्यात लिहा

"संपूर्ण मशीन सुरक्षित करायचं" असं लिहून हिशेब होत नाही. असं लिहा: "झाकण उघडल्यावर सरकी-स्क्रूची मोटर बंद होते आणि झाकण लावून रीसेट दाबल्याशिवाय सुरू होत नाही." या वाक्यात येणारे भागच हिशेबात धरायचे: झाकणावरचा स्विच, पॅनलमधला सेफ्टी रिले आणि मोटरचा कॉन्टॅक्टर. ओव्हरलोड रिले आणि लाल-हिरवे दिवे यात नाहीत. इमर्जन्सी स्टॉपही नाही, त्याचा हिशेब वेगळा.

एक गोष्ट इथेच तपासून घ्या. सप्लाय गेल्यावर स्क्रू किती वेळात थांबतो? सरकीने भरलेला स्क्रू घर्षणामुळे पटकन थांबतो, म्हणून इथे साधा इंटरलॉक चालतो. प्री-क्लीनरचा सिलिंडर किंवा सॉ-जिनचा शाफ्ट मात्र सप्लाय तोडल्यावरही बराच वेळ फिरत राहतो. तिथे फिरणं थांबेपर्यंत दार उघडूच न देणारं लॉक लागतं, कितीही चांगली परफॉर्मन्स लेव्हल काढली तरी.

किती लेव्हल हवी

लेव्हल 'ए' ते 'ई' अशा पाच आहेत, 'ई' सगळ्यात कडक. आपल्याला कोणती हवी ते तीन प्रश्नांवरून ठरतं. इजा कायमची आहे का? स्क्रूत बोटं गेली तर परत येत नाहीत, म्हणजे गंभीर. धोक्यात हात किती वेळा आणि किती वेळ जातो? आणि धोका दिसल्यावर हात मागे घेता येतो का? स्क्रूने बाही पकडली तर येत नाही.

मधला प्रश्न घाईत सोडवू नका. १५ मिनिटांतून एकदा यापेक्षा जास्त वेळा झाकण उघडत असेल तर 'वारंवार' धरावं लागतं. त्याहून कमी वेळा उघडत असेल, आणि हात आत असण्याचा एकूण वेळ मशीन चालण्याच्या वेळेच्या विसाव्या भागापेक्षा जास्त नसेल, तर 'क्वचित' धरता येतं. आपल्या उदाहरणात झाकण दर अर्ध्या तासाला उघडतं आणि कामगार सुमारे मिनिटभर मोकळं करतो. म्हणजे तिसावा भाग, तो चालतो. गंभीर इजा, क्वचित संपर्क आणि टाळणं अशक्य, यावरून आपल्याला लेव्हल 'डी' हवी.

तोच कामगार दोन मिनिटं लावत असेल तर पंधरावा भाग होतो, संपर्क 'वारंवार' ठरतो आणि लागणारी लेव्हल 'ई' होते. म्हणून हा आकडा ऑफिसात बसून भरू नका. सरकी ओली असताना, सीझनच्या ऐन गर्दीत, स्क्रूजवळ उभं राहून घड्याळ लावा.

लेव्हल 'डी' म्हणजे आकड्यात काय? फंक्शन धोकादायक रीतीने निकामी होण्याची सरासरी शक्यता तासाला १०⁻⁷ ते १०⁻⁶ या दरम्यान असणं. 'सी' साठी ती १०⁻⁶ ते ३ × १०⁻⁶ असते, 'ई' साठी १०⁻⁸ ते १०⁻⁷. आकडा जितका लहान, तितकं चांगलं. इथे 'धोकादायक' या शब्दाकडे लक्ष द्या. स्विच तुटून मोटर उगाच बंद झाली तर उत्पादन थांबतं, हात जात नाही. तो बिघाड या हिशेबात मोजत नाहीत. झाकण उघडं असूनही मोटर चालू राहील, असाच बिघाड मोजायचा.

धोकादायक बिघाडापर्यंतचा काळ

स्विच आणि कॉन्टॅक्टर हे वापराने झिजतात, नुसत्या काळाने नाही. म्हणून त्यांच्यासाठी कंपनी वर्षं देत नाही, किती वेळा चालवल्यावर दर शंभरातले दहा नग धोकादायक रीतीने निकामी होतात तो आकडा देते. डेटाशीटमध्ये तो B10d नावाने असतो. कंपनीचा आकडा मिळाला नाही तर मानकातला सर्वसाधारण आकडा घेता येतो: वेगळी चावी आत जाणाऱ्या दाराच्या स्विचसाठी २० लाख, पूर्ण भारावर चालणाऱ्या कॉन्टॅक्टरसाठी १३ लाख.

आता वर्षाला किती वेळा चालतं ते, म्हणजे nop, काढू आणि त्यावरून धोकादायक बिघाडापर्यंतचा सरासरी काळ, म्हणजे MTTFd. सीझन १५० दिवसांचा, दिवसाला २० तास काम, दर ३० मिनिटांनी एकदा झाकण.

```
nop = 150 × 20 × 3600 / 1800 = 6000 प्रति वर्ष
MTTFd = B10d / (0.1 × nop)
स्विच: 2000000 / (0.1 × 6000) = 3333 वर्षे
```

कॉन्टॅक्टर झाकणाशिवायही चालू-बंद होतो: शिफ्ट बदलताना, जिन रिकामं झालं की, लाईट गेली की. असे दिवसाला आणखी २० वेळा धरले तर त्याचे वर्षाला ९००० होतात. स्विच आणि कॉन्टॅक्टर मिळून मोटर थांबवण्याची एक वाट होते, तिला चॅनल म्हणतात.

```
कॉन्टॅक्टर: 1300000 / (0.1 × 9000) = 1444 वर्षे
चॅनल: 1/3333 + 1/1444 = 0.0003 + 0.0007 = 0.001
चॅनलचा MTTFd = 1 / 0.001 = 1000 वर्षे
```

हजार वर्षं! नवीन माणूस इथे खूश होतो आणि हिशेब संपला असं समजतो. पण ही त्या चॅनलची आयुर्मर्यादा नाही. असे हजार चॅनल एकाच वेळी असेच चालत असतील तर वर्षाला साधारण एखादा धोकादायक रीतीने जाईल, इतकाच त्याचा अर्थ. मानक इतक्या मोठ्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही. वायरिंगच्या मांडणीला मानकात कॅटेगरी म्हणतात, ती पुढे येते; त्यातली कॅटेगरी ४ सोडली तर एका चॅनलचा काळ १०० वर्षांवर कापायचा, मग हिशेबात १००० येवो की ३०००. ३ ते १० वर्षं म्हणजे कमी, १० ते ३० मध्यम, ३० ते १०० जास्त. आपला १०० वर कापलेला, म्हणजे 'जास्त' मध्ये.

जिनिंगमधल्या झाकणांचा हिशेब जवळजवळ नेहमी असाच येतो, कारण दिवसातून चाळीस वेळा चालणं स्विचच्या दृष्टीने काहीच नाही. या भागाने क्वचितच अडतं. मात्र एखादा कॉन्टॅक्टर दर १० सेकंदांनी चालू-बंद होत असेल तर चित्र उलटं होतं. तेवढ्याच सीझनमध्ये १० लाख ८० हजार वेळा चालून त्याचा काळ १२ वर्षांवर येतो. शिवाय तो १३ लाख भागिले १० लाख ८० हजार, म्हणजे सव्वा वर्षाच्या आतच बदलावा लागतो. हा भागाकार प्रत्येक भागासाठी करून ठेवा. उत्तर २० वर्षांपेक्षा कमी आलं, तर तो भाग केव्हा बदलायचा याची तारीख मेंटेनन्सच्या वहीत लिहायची.

कॅटेगरी: वायरिंग कसं आहे

आता पॅनल उघडून पाहा. बहुतेक जुन्या जिनिंगमध्ये झाकणावर एक लिमिट स्विच असतो आणि त्याची वायर कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या ओळीत टाकलेली असते. एक स्विच, एक कॉन्टॅक्टर, एक वाट. भाग चांगल्या सिद्ध प्रकारचे असतील तर ही कॅटेगरी १, नसतील तर कॅटेगरी बी. एका वाटेत काही बिघडलं तर ते कोणालाच कळत नाही, आणि त्याच वेळी संरक्षणही गेलेलं असतं. म्हणून कॅटेगरी १ ची धाव 'सी' पर्यंतच असते. काळ पूर्ण १०० वर्षं धरला तरी मानकाच्या तक्त्यात तासाला १.१४ × १०⁻⁶ येतं. आपल्याला 'डी' हवी, म्हणजे आणखी महाग स्विच घेऊन हा प्रश्न सुटणार नाही. वाटच दुसरी हवी.

कॅटेगरी ३ मध्ये दोन वाटा असतात: झाकणावर दोन स्विच, दोन्ही वेगवेगळ्या वायरने सेफ्टी रिलेला, आणि रिलेच्या पुढे दोन कॉन्टॅक्टर एकामागे एक, मोटरच्या ओळीत. कुठलाही एक भाग बिघडला तरी दुसरी वाट मोटर थांबवते. एकाच स्विचमध्ये दोन कॉन्टॅक्ट असणं आणि दोन स्विच असणं यात फरक आहे. विजेच्या दृष्टीने ते सारखे दिसतात, पण आतली चावी किंवा दांडी एकच असते. ती तुटली तर दोन्ही कॉन्टॅक्ट एकदम फसतात. 'डी' साठी एकच स्विच वापरायचा असेल तर ही चावी का तुटणार नाही हे कागदावर सिद्ध करावं लागतं. स्क्रूच्या झाकणाला रोज आदळआपट असते, तिथे मी सरळ दोन स्विच लावायला सांगतो.

कॅटेगरी २ ही मधली वाट: एकच चॅनल, पण मशीन त्याची स्वतः चाचणी घेतं. झाकणाच्या वापरापेक्षा चाचणी शंभरपट वेळा व्हावी अशी अपेक्षा असते. साध्या कॉन्टॅक्टर सर्किटमध्ये ते जमत नाही, म्हणून इथे ती बाजूला ठेवू.

डायग्नोस्टिक कव्हरेज: बिघाड कळतो का

दोन वाटा असल्या आणि त्यातली एक गुपचूप मेली तर काय? मोटर दुसऱ्या वाटेने थांबतच राहते, कोणालाच शंका येत नाही, आणि एके दिवशी दुसरीही जाते. म्हणून दुसरी वाट जाण्याआधी पहिलीचा बिघाड पकडला पाहिजे. धोकादायक बिघाडांपैकी किती टक्के पकडले जातात, ते डायग्नोस्टिक कव्हरेज. ६० टक्क्यांखाली 'नाही', ६० ते ९० 'कमी', ९० ते ९९ 'मध्यम', ९९ पासून पुढे 'जास्त'.

या भागात एक नेहमीचा बिघाड डोळ्यांसमोर ठेवा. जानेवारीत संध्याकाळी सगळ्या जिनिंग आणि शेतीपंप एकदम चालू होतात, फीडरवर व्होल्टेज पडतं, कॉन्टॅक्टर करकर करू लागतो. प्रत्येक करकरीत कॉन्टॅक्टचे बिंदू उडतात आणि शेवटी एक फेज चिकटते, मग तिन्ही. कॉइलची वीज काढली तरी तो सुटत नाही. आपल्या १४४४ वर्षांच्या आकड्यात हा धोका धरलेला नाही, कारण तो आकडा ठरलेल्या व्होल्टेजसाठी असतो. म्हणून कमी व्होल्टेजवर बंद करणारा रिले लावायचा आणि फ्यूज कॉन्टॅक्टरला जुळणारा घ्यायचा. आणि चिकटलेला कॉन्टॅक्टर पकडण्याची सोय करायची.

ती सोय म्हणजे फीडबॅकची वायर. दोन्ही कॉन्टॅक्टरवर मुख्य कॉन्टॅक्टशी यांत्रिक रीतीने जोडलेला एक बंद प्रकारचा सहायक कॉन्टॅक्ट असतो. मुख्य चिकटला असेल तर हा बंद होऊच शकत नाही. हे दोन्ही एका ओळीत जोडून सेफ्टी रिलेच्या रीसेट सर्किटमध्ये न्यायचे. एक जरी कॉन्टॅक्टर चिकटला तर पुढच्या वेळी रीसेट लागत नाही. मानक या पद्धतीला ९९ टक्के देतं. ही वायर कितीतरी पॅनलमध्ये जोडलेलीच नसते, रिलेच्या टर्मिनलवर छोटी लूप टाकून दिलेली असते, आणि सगळं व्यवस्थित चालत असल्यामुळे कोणी पाहतही नाही.

त्याची किंमत हिशेबात पाहू. स्विचचे दोन चॅनल रिले एकमेकांशी ताडून पाहतो, त्याला ९९ टक्के धरू. सरासरी काढताना प्रत्येक भागाच्या टक्क्याला त्याच्या बिघाडाच्या दराचं वजन द्यायचं:

```
DCavg = (DC1/MTTFd1 + DC2/MTTFd2) / (1/MTTFd1 + 1/MTTFd2)

फीडबॅक नसताना:
(0.99 × 0.0003 + 0 × 0.0007) / 0.001 = 0.30

फीडबॅक असताना:
(0.99 × 0.0003 + 0.99 × 0.0007) / 0.001 = 0.99
```

दोन्ही चॅनल सारखेच असल्यामुळे एका चॅनलवर केलेला हिशेब पुरतो. ३० टक्के म्हणजे 'नाही'. कॅटेगरी ३ ला किमान 'कमी' कव्हरेज लागतं, म्हणजे एक वायर नसल्यामुळे दोन स्विच आणि दोन कॉन्टॅक्टर असूनही ही कॅटेगरी ३ राहत नाही. वायर जोडल्यावर ९९ टक्के. कॅटेगरी ३ च्या तक्त्यात सगळ्यात वरचा रकाना 'मध्यम'चाच आहे, तो घेतला की १०० वर्षांच्या ओळीत ४.२९ × १०⁻⁸ मिळतं.

पण थांबा, स्क्रूला एकच झाकण नाही. लांबी मोठी असते, समजा चार झाकणं आहेत, आणि खर्च वाचवायला चौघांचे स्विच एकाच रिलेवर मालिकेत जोडलेत. दुसऱ्या नंबरच्या झाकणाचा एक कॉन्टॅक्ट अडकला. ते झाकण उघडलं, रिलेला एकच चॅनल सुटलेला दिसला, त्याने रीसेट अडवला. इथपर्यंत बरोबर. कामगार काय करतो? चारही झाकणं उघडून-लावून पाहतो. तिसरं झाकण उघडलं की दोन्ही चॅनल नीट सुटतात आणि लावल्यावर नीट जोडले जातात. रिलेला वाटतं सगळं ठीक आहे, रीसेट लागतो आणि दुसऱ्या झाकणाचा बिघाड झाकला जातो. म्हणून मालिकेतल्या झाकणांच्या स्विचला ९९ टक्के धरणं चूक आहे. आपल्या उदाहरणात एक झाकण तासातून दोनदा उघडतं आणि बाकी तीन क्वचित, म्हणून मी ६० टक्के धरतो.

```
(0.60 × 0.0003 + 0.99 × 0.0007) / 0.001 = 0.87
```

८७ टक्के म्हणजे 'कमी'. कॅटेगरी ३, कमी कव्हरेज, १०० वर्षं: तक्त्यात १.०१ × १०⁻⁷. त्यात सेफ्टी रिलेचा स्वतःचा आकडा मिळवायचा, तो डेटाशीटवर PFHd नावाने असतो. समजा तो २ × १०⁻⁹ आहे. बेरीज १.०३ × १०⁻⁷, म्हणजे 'डी'. आपलं काम झालं. लागणारी लेव्हल 'ई' असती तर हेच सर्किट नापास झालं असतं आणि प्रत्येक झाकणाचे स्विच रिलेच्या वेगळ्या इनपुटवर न्यावे लागले असते.

दोन्ही वाटा एकदम गेल्या तर

कॅटेगरी २ पासून पुढे एक गुणतक्ता भरावा लागतो, १०० पैकी किमान ६५. एकाच कारणाने दोन्ही चॅनल जाऊ नयेत म्हणून काय केलंय, त्याचे हे गुण. वायरी वेगळ्या नेल्या तर १५, जास्त व्होल्टेज-करंटपासून संरक्षण १५, सिद्ध भाग वापरले तर ५, विद्युत-चुंबकीय गडबडीची काळजी २५, धूळ-ओल-तापमान-धक्के यांचा विचार १०. ही बेरीज ७०, पास. पण दोन्ही स्विचच्या वायरी एकाच केबलमधून, स्क्रूच्या कडेने मोकळ्या नेल्या असतील तर पहिले १५ जातात आणि ५५ वर नापास. इथे आधीची सगळी गणितं निरुपयोगी ठरतात. आणि रुईच्या जागेत धुळीचे १० गुण उगाच घेऊ नका. स्विच धूळबंद प्रकारचा आहे आणि केबल ग्लँड घट्ट बसवलाय हे पाहूनच द्या.

हिशेबात न येणारी एक गोष्ट म्हणजे फसवणूक. जादा चावी तारेने बांधून स्विचमध्ये कायमची घातलेली असते, आणि झाकण उघडं ठेवून स्क्रू फिरत असतो. तिथे कुठलीही लेव्हल शून्य. असं दिसलं तर स्क्रू इतक्यांदा का तुंबतो ते आधी सोडवा आणि मग कोडेड चावीचा स्विच बसवा.

खरोखर तसं चालतं का

कागदावरचं मशीनवर तपासायचं, सीझन सुरू होण्याआधी आणि पॅनलमध्ये काही बदललं की लगेच. प्रत्येक वायर काढताना आणि परत लावताना मेन आयसोलेटर बंद करून कुलूप घाला. प्रत्येक झाकणाच्या पहिल्या स्विचची वायर काढून सप्लाय द्या: रीसेट लागता कामा नये. परत जोडा, दुसऱ्या स्विचसाठी तेच करा. मग फीडबॅकच्या ओळीतली एक वायर सोडा, झाकणं बंद ठेवून रीसेट दाबा: मोटर सुरू झाली तर कुठेतरी ती छोटी लूप अजून टाकलेली आहे. शेवटी स्क्रू चालू ठेवून एकेक झाकण थोडं उघडा आणि बोट आत जाईल इतकी फट होण्याआधी मोटर सुटते का ते पाहा. नसेल तर स्विचची जागा सरकवा आणि पुन्हा तपासा. स्क्रू मोकळा करायला आत हात घालण्याआधी मात्र मेन आयसोलेटर बंद करून कुलूप घालायचंच. इंटरलॉक विसरलेल्या क्षणासाठी आहे, रोजच्या सफाईसाठी नाही.